पीठ फुगतं कधी, बिघडतं कधी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पंचवटीत छोटं इडली सेंटर आहे. थंडी पडली की रात्री वाटलेलं पीठ सकाळी तसंच बसलेलं असतं. सोडा घालू का?

नको. सोड्याने इडली फुगेल, पण आंबूस चव येणार नाही. आधी एक साधा थर्मामीटर आणा आणि वाटण संपताच तो पिठात बुडवून पाहा. खोली किती गार आहे यापेक्षा पीठ किती गार आहे, ते महत्त्वाचं. नाशिकला जानेवारीत पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. रात्रभर भिजलेले तांदूळ आणि नळाचं पाणीही गारच. त्यातून १८-२० अंशांचं पीठ तयार होतं. पीठ आंबवणारे जिवाणू ३० अंशांच्या जवळपास जोमात असतात, २० ला ते रेंगाळतात.

समजा, ४ किलो उकडा तांदूळ आणि १ किलो उडीद आहे. उडीद साध्या पाण्यातच वाटा; दगडी ग्राइंडरमध्ये अर्धा तास फिरताना तो आपसूक तापतो. थेंब पाण्यात टाकला की तरंगला पाहिजे, तोवर वाटण थांबवू नका. डाळीत कोंडलेली ही हवा आणि चिकटपणाच पुढे वायू धरून ठेवतो. तांदूळ मात्र वाटण्याआधी अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा आणि ४० अंशांच्या पाण्यात वाटा. त्याहून कढत नको, जिवाणूच मरतील. मिश्रण २८-३० अंशांवर आलं की एकाच मोठ्या पातेल्यात भरा, वर निम्मी जागा मोकळी सोडा. पातेलं गोणपाटात गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत, शेजारी गरम पाण्याच्या दोन बाटल्या. मोठा साठा हळू निवतो. मीठ थंडीत सकाळी घाला, कारण मिठाने आंबणं मंदावतं.

मे महिन्यात उलटं होतं. सकाळी दहालाच पीठ आंबट, इडल्या चपट्या.

मग तोच हिशेब उलटा लावा. बर्फाच्या पाण्यात वाटा, विशेषतः मिक्सर वापरत असाल तर. त्याची पाती पीठ फार तापवतात. मीठ वाटतानाच घाला: १० किलो पिठाला साधारण १०० ग्रॅम. याहून जास्त मिठाने आंबणं आणखी अडेल, पण इडली खारट होईल. मिठाची मदत इथवरच. पीठ पाच-पाच लिटरच्या डब्यांत विभागा. वीस लिटरचा डबा फ्रिजमध्ये ठेवला तरी मधलं पीठ कित्येक तास आंबतच राहतं. डब्याला बाहेरून चिकटपट्टी लावून पातळी खुणवा: पीठ दीडपटीच्या वर गेलं की लगेच गार करा. एकदा चढून खाली बसलं, वर पाणी सुटलं, तर ते इडलीच्या कामाचं नाही.

उरलेल्या पिठाचा डोसा चालेल का?

चालतो, आमच्याकडे रोज तेच होतं. डोशाला फुगवटा कमी लागतो. पाणी मात्र आधी घालून ठेवू नका, तव्याशी घेताना घाला. पातळ पिठात वायू टिकत नाही आणि तांदूळ तळाला बसतो.