सारांशातले ओळखीचे शब्दच जास्त फसवतात

प्रश्न: नवी मुंबईत राहून ठाणे खाडीच्या पाणथळ जागांवर पीएच.डी. करतेय, उपग्रह-चित्रांवरून. एका परिषदेसाठी २५० शब्दांचा सारांश पाठवायचा आहे. तिथे पक्ष्यांवर, मासेमारीवर, किनाऱ्याच्या बांधकामावर काम करणारे सगळे असतील. संज्ञा समजावत बसले तर जागा संपते, नाही समजावल्या तर ‘नेमकं काय केलंय ते कळत नाही’ असा शेरा येतो. सारांश कसा सुधारू?

उत्तर:

मी ऐरोलीला राहतो आणि याच खाडीची चित्रं बघत बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे माझ्याच एका सारांशाची गत सांगतो. तो एका परिषदेतून परत आला होता. एका परीक्षकाने लिहिलं होतं, ‘कांदळवनाचे यादृच्छिक भूखंड कसे निवडले याचा खुलासा नाही.’ मी दोन दिवस डोकं खाजवलं. भूखंड मी निवडलेच नव्हते. मग लक्षात आलं, मी लिहिलं होतं ‘रँडम फॉरेस्ट पद्धतीने वर्गीकरण’. आपल्याकडे ते संगणकाच्या एका पद्धतीचं नाव: नमुने दाखवून शिकवलेले पुष्कळ निर्णयवृक्ष मत देतात आणि बहुमताने ठरतं की चित्रातला हा ठिपका पाणी, चिखल की झाडी. वनशास्त्राच्या माणसाने कांदळवनावरच्या सारांशात ‘रँडम’ आणि ‘फॉरेस्ट’ शेजारीशेजारी वाचलं आणि सरळ जंगल समजला. त्याची काय चूक?

तेव्हापासून मी अनोळखी शब्दांना फार घाबरत नाही. वाचणाऱ्याला शब्द माहीत नसला की तो निदान अडखळतो, विचारतो, किंवा सोडून पुढे जातो. त्याच्या क्षेत्रात ज्याला वेगळा अर्थ आहे असा शब्द आला तर तो अडखळतच नाही. निर्धास्तपणे चुकीचा अर्थ घेऊन शेवटपर्यंत जातो, आणि शेरा भलत्याच ठिकाणी येतो. तुमच्या शेऱ्यांत असं काही आहे का, आधी ते बघा.

माझा मूळ सारांश इंग्रजीत होता. मराठीत थोडक्यात तो असा होता:

‘ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ असून जैवविविधतेच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. प्रस्तुत अभ्यासात लँडसॅट मालिकेतील चित्रांचे रँडम फॉरेस्ट पद्धतीने वर्गीकरण करून कांदळवन, चिखलपट्टी व जलक्षेत्र यांतील स्थित्यंतरे तपासली. अचूकता कप्पा गुणांकाने पडताळली. कांदळवनात वाढ व चिखलपट्टीत लक्षणीय घट आढळली. हे निष्कर्ष खाडीच्या शाश्वत व्यवस्थापनासाठी उपयुक्त ठरतील.’

व्याकरण ठीक, विधानंही खरी. तो मी तिघांना वाचायला दिला: पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारी एक मैत्रीण, चेंदणी कोळीवाड्यात मासेमारीवर काम करणारी एक समाजशास्त्राची संशोधक, आणि एक किनारा अभियंता. ‘कळलं का?’ असं मी विचारलं नाही. त्याला सगळे ‘हो’च म्हणतात, विशेषतः चहा तुम्ही पाजणार असाल तर. मी विचारलं, ‘समजा उद्या हेच काम तुम्हाला करायचंय. कुठे जाल आणि काय मोजाल?’

‘चिखलपट्टी’वर तिघं तीन दिशांना गेले. पक्षीवाली म्हणाली, जिथे फ्लेमिंगो चरतात ती जागा, म्हणजे ओला चिखल आणि त्यावरचं वीतभर पाणी. अभियंता म्हणाला, उधाणाची भरतीरेषा आणि उधाणाची ओहोटीरेषा यांच्यामधला सगळा भाग. कोळीवाड्यात काम करणारी म्हणाली, जिथे बायका निवट्या आणि खुबे काढायला उतरतात ते, आणि उधाणाच्या ओहोटीला तो भाग खूप आतपर्यंत उघडा पडतो. मग तिने सहज विचारलं, ‘तुझा उपग्रह किती वाजता येतो?’

इथे मी गप्प झालो. लँडसॅट आपल्यावरून नेहमी सकाळी अकराच्या आसपास जातो. त्याची कक्षाच अशी आखली आहे की तो एखाद्या ठिकाणावरून दर वेळी जवळपास त्याच घटकेला जावा. आता आपल्याकडची भरती बघा. अमावास्या-पौर्णिमेला, म्हणजे उधाणात, मोठी भरती दुपारी बाराच्या सुमारास किंवा जरा नंतर येते, त्यामुळे खोल ओहोटी सकाळी सहा-सातला आणि मग संध्याकाळी. रोज भरतीची वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आठवडाभरात ती सहा तासांच्या आसपास सरकते आणि अकरा-बाराच्या सुमाराला ओहोटी येते. पण तोवर अष्टमी उजाडलेली असते, भांग लागलेला असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी झालेला असतो, आणि ओहोटी उथळ असते. थोडक्यात, उधाणाची खोल ओहोटी या उपग्रहाला कधीच दिसत नाही. कितीही वर्षांची चित्रं जमवली तरी खालची पट्टी त्यात उघडी सापडणार नाही. कोळीवाड्यातल्या कुणालाही भरतीच्या वेळा तिथीवरून सांगता येतात. आम्ही मात्र चित्रातले ढग तपासत होतो.

म्हणजे माझ्या सारांशातली ‘चिखलपट्टी’ ही खरं तर भांगाच्या ओहोटीला उघडी पडणारी वरची पट्टी होती. तिघांपैकी एकाच्याही मनातली नव्हती. शब्दाची व्याख्या कोशातून उचलून घातली असती, ‘भरती-ओहोटीच्या रेषांमधील भाग’ वगैरे, तर ती शुद्ध असूनही खोटी ठरली असती. दुसऱ्या क्षेत्रातल्या वाचकाला तुमच्या अभ्यासात त्या शब्दाखाली काय मोजलं गेलं आणि काय सुटलं ते हवं असतं. ते बहुतेक वेळा अर्ध्या वाक्यात बसतं.

दुसरा गोंधळ परिणामांचा होता, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. ‘कांदळवनात वाढ’ हे वनविभागाच्या बाजूचा माणूस आनंदाची बातमी म्हणून वाचतो. पक्षीवाल्या मैत्रिणीने तेच वाचून कपाळाला हात लावला, कारण झाडं चिखलावरच पुढे सरकतात आणि पाखरांची चरायची जागा खातात. एकाच वाक्यावर एक टाळ्या वाजवतोय, दुसरी हळहळतेय, आणि सारांशाचा शेवट मात्र ‘शाश्वत व्यवस्थापनासाठी उपयुक्त’. हे वाक्य कुठल्याही सारांशाला चिकटवता येतं, म्हणून ते खोडलं. त्या जागी स्वतःला विचारलं: हे वाचून कोणी, कोणता निर्णय वेगळा घेईल?

उत्तर त्या अकराच्या वेळेतच दडलं होतं. भांगाच्या दिवसांत खालची पट्टी पाण्याखालीच राहते. त्या दिवसांत पाखरांना आणि चिखलात उतरणाऱ्यांना तीच वरची पट्टी मिळते, जिच्यात घट झाली होती. मर्यादा म्हणून जी गोष्ट लपवावीशी वाटत होती, तिच्यामुळेच निष्कर्षाला धार आली. नवा सारांश असा झाला:

‘ठाणे खाडीत ओहोटीला उघडा पडणारा चिखल फ्लेमिंगोंना खाद्य पुरवतो आणि निवट्या-खुबे काढणाऱ्या कुटुंबांना उत्पन्न. वापरलेला उपग्रह खाडीवरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. त्या वेळी उधाणाची खोल ओहोटी कधीच नसते. म्हणून येथे “चिखलपट्टी” म्हणजे भांगाच्या ओहोटीला उघडी पडणारी, कांदळवनालगतची वरची पट्टी. तिच्याखालच्या चिखलाबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही. चित्रांतील पाणी, चिखल आणि झाडी संगणकाला नमुने दाखवून वेगळी ओळखली (रँडम फॉरेस्ट वर्गीकरण) आणि ती ओळख खाडीत प्रत्यक्ष जाऊन तपासली. वरची पट्टी घटली असून तिची जागा मुख्यतः कांदळवनाने घेतली आहे. भांगाच्या दिवसांत दुसरा चिखल उघडा पडत नसल्याने ही घट त्या दिवसांत सर्वाधिक जाणवेल. कांदळवनाची वाढ मोजणाऱ्यांनी त्याच नोंदीत गेलेला चिखलही मोजावा, असे आम्ही सुचवतो.’

(आकडे इथे मुद्दाम काढले आहेत. तुमच्या सारांशात मात्र ते हवेतच.)

हा मजकूर मूळ सारांशापेक्षा बराच लांब वाटेल. खऱ्या सारांशात शब्दांची मर्यादा तीच होती आणि जागा काढावी लागली. अभयारण्य आणि रामसर स्थळ असल्याचं पहिलं वाक्य गेलं, कारण ठाणे खाडीवरच्या परिषदेत बसलेल्यांना ते तोंडपाठ असतं. उपग्रह-मालिकेचं नाव आणि चित्रांवर केलेल्या दुरुस्त्यांची यादी गेली. ती निबंधात असतेच. ‘लक्षणीय’ गेलं, कारण संख्याशास्त्रात त्याला एक नेमका अर्थ आहे आणि बाकीच्यांना तो ‘पुष्कळ’ वाटतो. त्या जागी थेट हेक्टर लिहिले. कप्पा गुणांकही गेला. दोन वर्गीकरणं निव्वळ योगायोगापेक्षा किती जास्त जुळतात हे तो सांगतो, पण शेजारच्या क्षेत्रातल्या माणसाला तो आकडा चांगला की वाईट हे कळायचा मार्ग नसतो. शिवाय समाजशास्त्रवालीने मराठी मसुदा वाचताना विचारलं होतं, ‘कुठला कप्पा?’ यावर माझ्याकडे बरं उत्तर नव्हतं.

रँडम फॉरेस्ट हे नाव मात्र मी कंसात ठेवलं. आपल्या क्षेत्राचा एक तरी परीक्षक असतोच, आणि पद्धतीचं नाव नाही दिसलं तर काही लपवतोय असं त्याला वाटतं. आधी साध्या शब्दांत काम सांगायचं आणि नाव मागून द्यायचं, एवढा क्रम पाळला तर वनशास्त्रज्ञही जंगलात शिरत नाही. उलटा क्रम ठेवला, नाव आधी आणि खुलासा कंसात, तर वाचणारा नावावरच अर्थ पक्का करतो आणि कंस वाचतच नाही. हे मी दोन्ही मसुदे वेगवेगळ्या लोकांना देऊन पाहिलं आहे. माणसं मोजकी होती, पण फरक स्पष्ट होता.

सगळ्याच शब्दांचा असा खुलासा करायला जाऊ नका. माझ्या अनुभवात २५० शब्दांत दोनच संज्ञा नीट बसतात, तिसरी आली की सारांशाची शब्दसूची होते. कोणत्या दोन, ते वरच्या प्रश्नाने कळतं: ज्या शब्दावर तुमचे वाचक वेगवेगळ्या ठिकाणी मोजायला निघाले, तो पहिला. तुमच्या विषयात तो ‘पाणथळ जागा’ असण्याची दाट शक्यता आहे. नेरुळची तळी, जिथे फ्लेमिंगो भरतीच्या वेळी खाडीतून येऊन बसतात, तुमच्या व्याख्येत येतात की नाही? पक्षीवाले ती धरूनच चालतील आणि अभियंते बहुधा धरणार नाहीत. तुम्ही कोणती बाजू घेतली ते दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात येऊ द्या.

वाचायला देताना आपल्याच प्रयोगशाळेतला माणूस निवडू नका, त्याला सगळं आधीच माहीत असतं. आणि अगदी बाहेरचा, म्हणजे तुमचा भाऊ किंवा शेजारच्या काकूही नकोत. ते तुमच्या शब्दांना दुसरा अर्थ लावत नाहीत, कारण त्यांच्याकडे पहिलाही नसतो. शेजारच्या विभागातलं कुणीतरी गाठा.

माझा अभियंता मित्र सुधारलेला सारांश वाचूनही खूश नव्हता. ‘भांगाची ओहोटी म्हणजे नकाशाच्या शून्यापासून किती मीटर?’ हा त्याचा प्रश्न रास्त होता, कारण त्याची सगळी गणितं त्या शून्यापासून सुरू होतात. पण तो आकडा घातला असता तर बाकी दोघींसाठी आणखी एक वाक्य खर्चावं लागलं असतं. तो मी पोस्टरवर, आडव्या छेदाच्या आकृतीत दिला. परिषदेत तो थेट तिथेच जाऊन उभा राहिला.