कॉफमनची सरासरी: वर्ग विसरू नकोस

अरे, तू काढलेली कॉफमनच्या सरासरीची रेषा, जी भावाच्या चालीप्रमाणे आपला वेग बदलते, बाजार जागीच घुटमळत असतानाही नाचते, कारण तू सूत्रातला शेवटचा वर्गच केलेला नाहीस. बघ, दहा दिवसांत भाव ५०० वरून ५१२ वर गेला, पण रोजच्या चढउतारांची बेरीज ६० झाली. म्हणजे कार्यक्षमता, सूत्रातला ER, १२ भागिले ६०, ०.२.

```
SC = (ER*(2/3 - 2/31) + 2/31)^2
```

यातून SC, म्हणजे रेषेचा वेग, ०.०३४ येतो. आजचा भाव आणि कालची सरासरी यांतल्या अंतराच्या फक्त ३.४ टक्के रेषा सरकते. वर्गाशिवाय तीच १८ टक्के धावते! कार्यक्षमता ०.८ असेल, तर वर्ग करूनही जवळपास ३० टक्के.

एक खोट मात्र राहतेच. कंपनीच्या निकालाच्या दिवशी भावात मोठा गॅप पडला, की तो दहा दिवस खिडकीत बसतो. नंतर भाव थोडा घुटमळला तरी कार्यक्षमता फुगलेलीच दिसते. अशा वेळी मी नवा सौदा घेत नाही.