जाहिरातीतल्या घरमालकाला नंबर द्यायचा, पण कोणता आणि कधी?

प्रश्न: नोकरीसाठी पुण्यात येतेय. कर्वेनगर, वारजे भागात वन बीएचके शोधतेय. साइटवर ज्याला मेसेज करावा तो लगेच "व्हॉट्सॲप नंबर द्या" म्हणतो. माझा एकच नंबर आहे, बँक, आधार सगळं त्यालाच जोडलंय. अनोळखी माणसाला तो देणं कितपत सुरक्षित? नाही दिला तर घर कसं मिळणार?

उत्तर:

मी पुण्यात लीव्ह अँड लायसन्सचे करार घरपोच नोंदवून देण्याचं काम करतो. त्यामुळे घरमालक, भाडेकरू आणि ब्रोकर असे तिघेही रोज भेटतात. नंबर न देता घर मिळत नाही हे खरं आहे. पण बँकेला जोडलेला नंबर त्यासाठी द्यावा लागत नाही. शोधाशोध संपेपर्यंत एक वेगळं प्रीपेड सिम घ्या आणि जाहिरातीच्या जगात तोच नंबर फिरू द्या.

दहा आकडे कुणाला कळले म्हणून खात्यातून पैसे जात नाहीत. अडचण त्या आकड्यांना काय काय चिकटलंय याची आहे. कुणीही तुमचा नंबर आपल्या यूपीआय ॲपमध्ये टाकला की पैसे न पाठवताही तुमचं बँकेतलं पूर्ण नाव त्याला दिसू शकतं. त्या नावावरून फेसबुक, इन्स्टाग्राम सापडतं. व्हॉट्सॲपवर फोटो दिसतो. कॉल ओळखणाऱ्या ॲपवर लोकांनी तुम्हाला ज्या नावानं सेव्ह केलंय ते दिसतं, म्हणजे कधी कधी गाव किंवा कंपनीही. एवढं हातात आलं की समोरचा माणूस फोनवर तुमच्याशी ओळखीच्या आवाजात बोलू शकतो, आणि फसवणुकीला तेवढं पुरतं. नव्या सिमला यातलं काहीच चिकटलेलं नसतं.

सिम आधारवर नेहमीसारखंच मिळतं. आपल्याकडे एका व्यक्तीच्या नावावर बहुतेक राज्यांत 9 सिम चालतात, तेव्हा दुसरं घेण्यात काही वावगं नाही. फोनमध्ये दुसऱ्या सिमची जागा असेल तर वेगळा फोनही नको. घेतल्यावर तो नंबर आधी कॉल ओळखणाऱ्या ॲपवर शोधून बघा. बंद पडलेले नंबर कंपन्या पुन्हा विकतात, त्यामुळे आधीच्या माणसाचं नाव निघू शकतं. तसं निघालं तर दुकानातच दुसरा नंबर मागा, नाहीतर त्याच्या वसुलीचे फोन तुम्हाला येत राहतील. आणि या सिमवर बँक, यूपीआय, आधार, डिजिलॉकर यातलं काहीही जोडू नका.

व्हॉट्सॲपचं दुसरं खातं अँड्रॉइड फोनवर त्याच ॲपमध्ये उघडता येतं. आयफोनवर व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप टाकलं की काम होतं. नावाच्या जागी फक्त पहिलं नाव लिहा, फोटो ठेवू नका. फोटो हवाच असेल तर प्रायव्हसीत 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा. पण इथे एक खाच आहे: घरमालकाचा नंबर तुम्ही सेव्ह केलात की तोही तुमच्या कॉन्टॅक्ट्समध्ये येतो आणि फोटो त्याला दिसायला लागतो. त्यामुळे शोध चालू असेपर्यंत हे नंबर सेव्ह न केलेले बरे. कोण कुठला ते वहीत लिहून ठेवा. मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन ठेवा. हे दोन्ही खात्यांवर करा, जुन्यावर तर आधी.

आता कधी द्यायचा ते. साइटवर चॅटची सोय असेल तर पहिलं बोलणं तिथेच करा: कोणती सोसायटी, कितवा मजला, डिपॉझिट किती, बघायला कधी येऊ. खरा मालक एवढं चॅटवर सांगतो. बघायला जायची वेळ ठरली की मग दुसऱ्या सिमचा नंबर द्या, कारण सोसायटीच्या गेटवर पोचल्यावर फोन करावाच लागतो. काही साइटवर 'मालकाशी संपर्क' दाबताक्षणी तुमचा नंबर मालकाकडेच नाही तर ब्रोकरांकडेही जातो आणि तिथून त्यांच्या ग्रुपवर. म्हणून साइटवर नाव नोंदवतानाच दुसरा नंबर टाका. मुलींना हे मी आवर्जून सांगतो, कारण रात्री अकराला "मॅडम, रूम मिळाली का" असे मेसेज त्या नंबरवर येतात. ते सिम बंद करून झोपता येतं, मूळ नंबर बंद करता येत नाही.

घराच्या जाहिरातींत सध्या नंबरशी जोडलेली जी फसवणूक चालते ती नीट समजून घ्या. लातूरहून आलेल्या एका मुलीबाबत घडलेलं सांगतो. नाव आणि साइट सांगत नाही. कर्वेनगरमधला फर्निचरसकट वन बीएचके, भाडं 9 हजार. त्या भागात तसं घर एवढ्यात मिळत नाही, पण फोटो छान होते. मालक म्हणाला, "मी सैन्यात आहे, सध्या पोस्टिंग बाहेर. सोसायटीत गेटपासशिवाय सोडत नाहीत. मी पास काढतो, तुमच्या नंबरवर सहा आकडी कोड येईल, तो मला सांगा." पाठोपाठ कोड आला आणि तिनं सांगितला. तो कोड व्हॉट्सॲपचा होता. त्यानं आपल्या फोनवर तिच्या नंबरानं व्हॉट्सॲप उघडलं आणि तासाभरात तिच्या मामाला, मैत्रिणींना "अर्जंट 5 हजार पाठव" असे मेसेज गेले. नंबर मूळचाच असल्यामुळे सगळ्यांनी तो तिचाच मेसेज धरला.

गेटपासचा हा बहाणा चालतो, कारण पुण्यातल्या पुष्कळ सोसायट्यांत पाहुण्याला खरंच कोड येतो. फरक एवढाच की तो कोड तुम्ही गेटवर वॉचमनला दाखवायचा असतो. मालकानंच तो पाठवलेला असतो, मग त्याला तो तुमच्याकडून विचारायचं कारणच नाही. आलेला एसएमएस शेवटपर्यंत वाचा. कोड कशाचा आहे आणि कुणाला सांगू नका, हे त्यातच लिहिलेलं असतं. याच प्रकाराच्या दुसऱ्या पद्धतीत कोड विचारतच नाहीत. "गार्डशी जोडून देतो, हा नंबर डायल करा" म्हणतात आणि *21* किंवा *401* नं सुरू होणारा आकडा देतात. तो लागला तर तुमचे कॉल त्यांच्याकडे वळतात, आणि कॉलवरून येणारा कोडही. कुणाच्या सांगण्यावरून * किंवा # असलेला नंबर लावू नका. लावला गेला असेल तर

```
##002#
```

डायल करा, वळवलेले सगळे कॉल रद्द होतात.

त्या मुलीला मी तेव्हा जे सांगितलं तेच इथे सांगतो. आपल्या फोनवर व्हॉट्सॲप पुन्हा त्याच नंबरानं सुरू करायचं. नवीन कोड येतो, तो टाकला की समोरचा आपोआप बाहेर फेकला जातो. त्यानं आत शिरून स्वतःचा टू-स्टेप पिन लावला असेल तरी तुमच्या कोडनं तो बाहेर पडतोच, मात्र तुम्हाला आत यायला 7 दिवस थांबावं लागतं. म्हणूनच पिन आधी लावून ठेवायचा. कुणी पैसे पाठवून बसलं असेल तर पाठवणाऱ्यानं लगेच 1930 ला फोन करून तक्रार द्यायची. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच मिळतात, त्यामुळे इथे तासांना महत्त्व आहे. पैसे गेले नाहीत, नुसता संशयास्पद फोन आला, तर sancharsaathi.gov.in वर 'चक्षू' मध्ये कळवा. आपल्या नावावर किती सिम आहेत तेही त्याच साइटवर कळतं.

टोकनच्या वेळी मात्र पुष्कळांचं दुसरं सिम वाया जातं. घर आवडतं, मालक म्हणतो "5 हजार टोकन टाका", आणि आपण यूपीआयनं पाठवतो. कित्येक ॲपमध्ये यूपीआय आयडी म्हणजे मोबाइल नंबर आणि पुढे @ असतं. पैसे पोचले की समोरच्याच्या व्यवहारात तो आयडी दिसतो, म्हणजे इतके दिवस झाकलेला बँकेचा नंबर आपणच लिहून दिला. आपल्या ॲपच्या प्रोफाइलमध्ये आयडी बघा. त्यात नंबर असेल तर अक्षरांचा दुसरा आयडी तयार करून तोच पैसे पाठवण्यासाठी निवडा. ते जमत नसेल तर बँकेतून एनईएफटी करा किंवा चेक द्या. आणि टोकन घर आतून बघितल्यावर, मालकाला समोरासमोर भेटल्यावर, त्याच्या नावाचं वीजबिल किंवा महापालिकेची मिळकतकराची पावती पाहिल्यावरच. घर न बघता 'परत मिळणारी गेटपास फी' मागणारा माणूस मालक नसतो. पैसे तुम्हाला मिळणार असतील तर क्यूआर स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही, हे डिपॉझिट परत घेतानाही लक्षात ठेवा.

मूळ नंबर मी कराराच्या टप्प्यावर द्यायला सांगतो. तोवर मालकाची ओळख कागदावर आलेली असते, आधारवर अंगठा त्याचाही लागतो आणि तुमचाही, आणि पुढे वर्षभर गळक्या नळापासून सगळ्यासाठी तुम्हाला एकमेकांना फोन करायचेच असतात. सुरुवातीला दुसरा नंबर का दिला हे विचारलं तर सरळ सांगा, "तो शोधाशोधीसाठी घेतला होता." आजवर एकाही मालकाला याचं वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही, उलट दोघा-तिघांनी आपल्या जाहिरातीसाठी तसंच सिम घेतलं.

राहायला आल्यावर ते सिम नुसतं ड्रॉवरमध्ये टाकू नका. साधारण 90 दिवस वापर झाला नाही आणि बॅलन्सही नसला तर कंपनी ते बंद करू शकते आणि काही काळानं नंबर दुसऱ्याला मिळतो. त्याआधी त्या नंबरचं व्हॉट्सॲप खातं सेटिंग्जमधून डिलीट करा आणि घरांच्या साइटवरचं खातंही काढून टाका. जुना फ्रिज, गादी, स्कूटर विकण्या-घेण्यासाठी तेच सिम पुढे वापरायचं असेल तर लहानसा रिचार्ज चालू ठेवा.