थकलेल्या पगारावरचं व्याज: आता घ्यावं की दिवाळीपर्यंत थांबावं?

प्रश्न: मी जळगाव एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्यात आहे. पगार महिना १८,००० रुपये. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा पगार थकला, एप्रिलपासून वेळेवर मिळतोय. 'उशिराबद्दल वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज देतो' असं मालकांनी व्हॉट्सॲपवर लिहिलंय. आता ते ३० जूनला ५४,००० देणार आहेत आणि व्याज १,४९१ रुपये सांगतात. माझ्या हिशोबाने १२ टक्के म्हणजे ६,४८० होतात. नाहीतर ८ नोव्हेंबरपर्यंत, दिवाळीला, सगळं व्याजासकट घ्या म्हणतात. आखाजीला मी ३०,००० रुपये शेकडा दोनने उसने घेतलेत. काय करू?

उत्तर: ताई, पैसे ३० जूनलाच घ्या. दिवाळीपर्यंत थांबू नका. व्याजाचा आकडा मात्र तुमचाही बरोबर नाही आणि मालकांचाही नाही.

६,४८० हे ५४,००० रुपयांवरचं अख्ख्या वर्षाचं व्याज झालं. तुमचे पैसे वर्षभर अडकलेले नव्हते, म्हणून जितके दिवस उशीर तितकंच व्याज. मालकांनी दिवस धरले, पण तिन्ही पगारांचे दिवस मार्चच्या पगाराच्या तारखेपासूनच मोजले. म्हणजे ८४ दिवस. जानेवारीचा पगार त्याच्या दोन महिने आधीच द्यायचा होता, ते त्यांच्या हिशोबातून सुटलं.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा लागतो. वेतन संहितेत हेच आहे. म्हणून ८ तारीख हा उशिराचा पहिला दिवस धरायचा आणि पैसे हातात आले तो शेवटचा. दर महिन्याचा पगार वेगळा मांडायचा:

व्याज = पगार × दर × दिवस ÷ ३६५००

जानेवारीचा पगार ७ फेब्रुवारीपर्यंत यायला हवा होता, तिथून ३० जूनपर्यंत १४३ दिवस होतात. त्याचं व्याज ८४६ रुपये. फेब्रुवारीच्या पगाराचे ११५ दिवस, व्याज ६८१. मार्चचे ८४ दिवस, व्याज ४९७. एकूण २,०२४ रुपये. मालकांच्या आकड्यापेक्षा ५३३ जास्त.

आता दिवाळीचं बघू. ३० जूनपासून ८ नोव्हेंबर १३१ दिवस. ५४,००० वर १२ टक्क्यांनी आणखी २,३२६ रुपये मिळतील. ऐकायला बरं वाटतं, पण शेकडा दोन म्हणजे महिन्याला दोन टक्के, वर्षाला २४. तेवढ्याच दिवसांत तुमच्या ३०,००० वर २,५८४ रुपये व्याज चढेल. मालकांकडून रोज १७ रुपये ७५ पैसे येणार आणि सावकाराकडे रोज १९ रुपये ७३ पैसे जाणार. आणि या नुकसानीसाठी तुम्ही अख्खे ५४,००० अशा माणसाकडे ठेवणार, ज्याला तीन महिने पगार देता आला नव्हता. तारण काही नाही. दिवाळीच्या तोंडावर कारखान्याची उलाढाल पुन्हा अडली, तर व्याज सोडा, मुद्दलच लांबेल.

म्हणून ३० जूनला पैसे आले की आधी ३०,००० आणि त्यावरचं चढलेलं व्याज फेडून टाका.

आता पावतीचं. तिच्यावर 'सर्व हिशोब चुकता' असं लिहिलेलं असेल तर तसंच सही करू नका. 'जानेवारी ते मार्चचा मूळ पगार ५४,००० मिळाला' एवढंच लिहा, आणि मिळालेल्या व्याजाचा आकडा वेगळा लिहा. १,४९१ च दिले तर 'व्याजापैकी १,४९१ मिळाले, ५३३ बाकी' असं लिहून घ्या. या ५३३ साठी ५४,००० मात्र अडवून धरू नका. वरचा महिनावार हिशोब एका कागदावर काढून मालकांपुढे ठेवा. तारखा दिसल्या की फारसा वाद राहत नाही.

तो मेसेज जपून ठेवा, त्याचा फोटोही काढून ठेवा. पगार उशिरा झाला तर अमुक टक्के व्याज, असा ठरलेला दर वेतन संहितेत नाही. १२ टक्के तुम्हाला मिळतात ते मालकांनी लिहून दिलं म्हणून. हे लेखी नसतं तर व्याज कायदा १९७८ प्रमाणे गोष्ट बरीच अवघड झाली असती. पैसे देण्याची ठरलेली तारीख लेखी करारात नसेल, तर 'मला व्याज हवं' अशी लेखी नोटीस दिल्याच्या दिवसापासूनच न्यायालय सहसा व्याज धरू शकतं, आधीचे दिवस बुडतात. तुमच्या ज्या मैत्रिणींचे पगार थकलेत आणि ज्यांना असा मेसेज आलेला नाही, त्यांनी आजच मालकांना लेखी मागणी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.

बाकी ५३३ वर पुढे आणखी व्याज धरू नका. त्या कायद्यात व्याजावर व्याज नाही. आणि मालकांनी ३० जूनची तारीखही चुकवली, तर थकलेल्या पगाराचा दावा कामगार खात्याकडे करता येतो. वेतन संहितेत त्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार तिथल्या अधिकाऱ्याला आहे.