गोल विहिरीच्या फोटोवरून पाण्याचा अंदाज: व्यास कोणता धरावा आणि खोली कुठून कुठे मोजावी

प्रश्न: आमच्या इंदूरच्या जुन्या घराच्या आवारात गोल विहीर आहे. कठड्यावर व्यास १६ फूट असे लिहिले आहे, आत पाच-पाच फुटांवर खुणा रंगवल्या आहेत आणि एकूण खोली ४० फूट सांगतात. फोटोत पाणी अंदाजे २३ फुटांवर दिसते. १८ फुटांच्या खाली एक कड असून पुढे विहीर अरुंद वाटते. माझ्या हिशेबाने ९७ हजार लिटर पाणी निघते. हे बरोबर आहे का?

उत्तर:

आपला गुणाकार बरोबर आहे, पण त्यात घातलेले दोन्ही आकडे बहुधा मोठे आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात पाणी याच्या निम्म्याहूनही कमी असण्याची शक्यता मला दिसते. विहिरींची मोजणी हा माझ्या कामाचा भाग असल्याने मी ज्या क्रमाने तपासतो, त्याच क्रमाने सांगतो.

हिशेबासाठी एक सोपा आकडा लक्षात ठेवावा. फुटांतल्या व्यासाचा वर्ग करून त्याला २२.२४ ने गुणले की एक फूट उंचीच्या पाण्यात किती लिटर मावतात ते मिळते, आणि त्याला पाण्याच्या उंचीने गुणले की एकूण साठा निघतो. व्यासाचा वर्ग होत असल्यामुळे व्यासातली चूक उत्तरात जवळजवळ दुपटीने उतरते, म्हणून आधी व्यासाकडे पाहू.

कठड्यावर लिहिलेला व्यास बाहेरून मोजलेला असतो हा अनुभव मला बऱ्याच जुन्या विहिरींवर आला आहे, कारण बाहेरून फीत धरणे सोपे आणि सुरक्षित असते. कठड्याची भिंत दीड फूट जाडीची असेल, तर १६ मधून दोन्ही बाजूंचे मिळून तीन फूट वजा होतात आणि आतला व्यास १३ फूट राहतो. एवढ्याने दर फुटाचे पाणी ५,६९३ लिटरवरून ३,७५९ लिटरवर येते. तेव्हा पहिले काम म्हणजे कठड्याची जाडी प्रत्यक्ष मोजणे.

आता ती कड. माळव्यात वर काळी माती आणि मुरूम असतो, तो ढासळू नये म्हणून तेवढ्या भागात बांधकाम करतात आणि खाली काळा खडक लागला की बांधकाम थांबवून खडकच फोडत जातात. बांधकामाला टेकण मिळावे म्हणून खडकात कड सोडलेली असते, आणि तिच्याखाली व्यास कमी होतो. आपले पाणी त्या अरुंद भागात आहे, म्हणून वरचा १३ फूट व्यास तिथे चालणार नाही. पाण्याच्या पातळीवरचा व्यास हवा, आणि तो फोटोवरून काढता येतो.

त्यासाठी फोटो तिरका न घेता सरळ खाली पाहून घ्यावा. कठड्यावरून वाकू नये. मोबाइल लांब काठीला पक्का बांधून विहिरीच्या मध्यावर न्यावा आणि टायमर लावावा. वाइड अँगलची लेन्स वापरू नये, ती कडेच्या वस्तू ताणून दाखवते. मोबाइल कठड्याच्या वरच्या काठापासून किती उंच धरला तेही लिहून ठेवावे. समजा ती उंची तीन फूट आहे आणि खुणांचा शून्य कठड्याच्या काठावर आहे. मग बांधकामाचा १८ फुटांवरचा खालचा काठ कॅमेऱ्यापासून २१ फूट आणि २३ फुटांवरचे पाणी २६ फूट अंतरावर येते. फोटोत बांधकामाच्या खालच्या काठाचे वर्तुळ ८४ मिलिमीटर आणि पाण्याचे वर्तुळ ५७.५ मिलिमीटर भरले, तर १३ ला ५७.५ ने गुणून ८४ ने भागावे, आणि पाणी अधिक दूर असल्यामुळे लहान दिसते हे भरून काढण्यासाठी पुन्हा २६ ने गुणून २१ ने भागावे. उत्तर ११ फूट येते. अंतराची ही दुरुस्ती राहून गेली तर व्यास नऊ फुटांहूनही कमी भासतो आणि साठा फारच कमी निघतो.

पाण्याची उंची काढताना वरची आणि खालची अशी दोन टोके स्वतंत्रपणे तपासावी लागतात. वरच्या टोकाला २० ची खूण दिसते, पण २५ ची पाण्याखाली आहे, म्हणून २३ हा आकडा नजरेचा अंदाज आहे. वरच्या दोन खुणांमधले फोटोतले अंतर तसेच खाली लावू नये, कारण जितके दूर तितके ते आक्रसते. भिंतीवरच्या ओल्या काळपट पट्ट्यालाही पाण्याची रेघ समजू नये, तो पाणी उतरल्यानंतर राहिलेला असू शकतो. सगळ्यांत भरवशाचा उपाय म्हणजे दर फुटाला गाठ मारलेला, खाली वजन बांधलेला दोर भिंतीलगत सोडून त्याचा फोटो घेणे. पाण्याच्या वरच्या गाठी मोजता येतात, आणि पाणी स्वच्छ असेल तर पृष्ठभागाखाली गाठी एकदम दाटल्यासारख्या दिसू लागतात, तिथेच पातळी असते. त्याच कारणाने पाण्यातून दिसणारा तळ खऱ्यापेक्षा वर भासतो, म्हणून फोटोवरून तळाची खोली ठरवू नये.

खालचे टोक या दोरानेच मिळते. ४० फूट ही बहुधा खोदकामाच्या वेळची खोली असते, आणि नर्मदेचे पाणी नळाने घरी येऊ लागल्यापासून उपसा थांबलेल्या विहिरींत गाळ साचत गेला आहे. दोराला अणकुचीदार लोखंड बांधले तर ते गाळात रुतते. वाळू भरून तोंड घट्ट बांधलेला सपाट बुडाचा डबा गाळावर टेकतो. ४० चा आकडा जमिनीपासून सांगितलेला आणि खुणा मात्र कठड्यापासून रंगवलेल्या, असेही असते, तेव्हा शून्य कुठे आहे ते पाहूनच वजाबाकी करावी.

समजा डबा ३६ फुटांवर टेकला. पाण्याची उंची १३ फूट, ११ फूट व्यासाला दर फुटाला २,६९१ लिटर, म्हणजे एकूण सुमारे ३५ हजार लिटर. व्यास आणि उंची या दोन्हींत अर्ध्या-अर्ध्या फुटाची चूक एकाच दिशेने झाली तर हा आकडा ३१ हजारांपर्यंत खाली किंवा ४० हजारांपर्यंत वर जाऊ शकतो. खडकातली विहीर खाली पूर्ण गोल नसते, म्हणून दोन काटकोनी दिशांनी पाण्याचे वर्तुळ मोजून सरासरी घ्यावी. दोन्ही मापांत फूटभराचा फरक आला तर एकच आकडा न सांगता ही मर्यादाच सांगावी.

फोटो पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी घ्यावा, नाहीतर उपशाने खाली गेलेली पातळी मोजली जाते. हा साठा टाकी भरण्यासाठी मोजत असाल, तर फुटव्हॉल्व्ह गाळापासून किती वर आहे तेही पाहावे. तो दोन फूट वर असेल तर त्याखालचे सुमारे ५,४०० लिटर पंपाला मिळणार नाहीत, आणि वरच्या उदाहरणात हाती येणारे पाणी साडेएकोणतीस हजार लिटरांच्या आसपास धरावे लागेल.