रात्री पोटरीत येणारा गोळा: आधी बीपीच्या गोळीचे पाकीट पाहा

प्रश्न: माझे वय ६३ आहे. दीड महिन्यापासून पहाटे पोटरीत असा गोळा येतो की ओरडतच जाग येते. सगळे म्हणाले म्हणून पाणी खूप वाढवले, रोज केळे खाते, शेजारणीने मॅग्नेशियमच्या गोळ्या आणून दिल्या. फरक नाही. बीपीची गोळी दोन महिन्यांपूर्वी बदलली आहे. अजून काय घ्यावे?

उत्तर:

ताई, आणखी काही घेण्याआधी बदललेल्या गोळीचे पाकीट उलटून त्यावरचे घटक वाचा. त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड असे नाव दिसले, तर त्या गोळीत लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणारे औषध आहे. अशा औषधांनी रक्तातील सोडियम आणि पोटॅशियम कमी होऊ शकते, आणि ती सुरू झाल्यावर काहींना रात्रीचे गोळे वाढल्याचे आढळते. तुमच्या बाबतीत गोळी बदलणे आणि त्रास सुरू होणे यांच्यात दोन-तीन आठवड्यांचेच अंतर आहे, म्हणून हा दुवा मला महत्त्वाचा वाटतो. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी ती लिहून दिली त्यांना हा क्रम सांगा आणि सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनिन यांची रक्ततपासणी करावी का, हे विचारा.

पाण्याविषयी मला काळजी वाटते ती याच कारणाने. उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाला पाणी व मीठ दोन्ही लागते. पण अंथरुणात येणारा गोळा बहुतेकदा पाणी कमी पडल्यामुळे येत नाही. उलट वरील औषध चालू असताना साधे पाणी तांब्यामागून तांब्या पीत राहिल्यास, विशेषतः साठीनंतरच्या स्त्रियांमध्ये, सोडियम आणखी खाली जाऊ शकते. तहानेपुरते प्या, लघवी फिकट पिवळी असली की पुरे. रक्तदाब असताना रोज ओआरएस घेऊ नका, कारण त्यात मीठ असते.

केळे आवडीने खा, पण पोटॅशियमचे सिरप मनाने घेऊ नका; टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळीबरोबर रक्तातील पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकते. मॅग्नेशियमचा अभ्यास बराच झाला आहे. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यानुसार वयस्कर व्यक्तींमध्ये त्याने गोळे लक्षणीय कमी होण्याची शक्यता फारशी नाही. जुलाब मात्र होऊ शकतात, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर ते शरीरात साठते. शेजारणींना गुण आला असेल, हे मी नाकारत नाही. हा त्रास मुळातच चढ-उताराचा आहे, आणि माणूस गोळी सुरू करतो ती त्रास शिगेला पोहोचल्यावर, म्हणजे तो आपोआप उतरण्याच्या बेतात असताना. क्विनीन कोणी सुचवले तर मात्र ठाम नकार द्या. त्याने प्लेटलेट घटण्याचे आणि हृदयाची लय बिघडण्याचे गंभीर प्रकार घडल्यामुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्ये या वापराविरुद्ध पुन्हा इशारा दिला होता.

ज्याला वेळ द्यावा असे मला मनापासून वाटते ते म्हणजे झोपण्यापूर्वी पोटरी ताणण्याचा व्यायाम. झोपेत पाऊल खाली झुकलेले असते, त्यामुळे पोटरीचा स्नायू आधीच आखडलेला असतो. त्याच स्थितीत तो आणखी आवळला की सुटत नाही. नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांवरील ८० जणांवर झालेल्या चाचणीत सहा आठवडे रोज झोपण्यापूर्वी पोटरी आणि मांडीची मागची बाजू ताणणाऱ्यांचे गोळे कमी झाले. दुसऱ्या एका चाचणीत फायदा दिसला नाही, तरी यात खर्च नाही आणि धोका नगण्य आहे.

भिंतीपासून हातभर अंतरावर उभ्या राहून दोन्ही तळवे भिंतीला टेका. एक पाय मागे न्या, त्याचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला घट्ट ठेवून पुढचा गुडघा वाकवा. पोटरीत ओढ जाणवेल, दुखणार नाही, इतकेच पुढे जा. पंधरा-वीस सेकंद थांबा, झटके देऊ नका, प्रत्येक पायाचे तीनदा करा. बहुतेकांची चूक होते ती टाचेची: ती उचलली गेली की ताण निघून जातो. सहा आठवडे नेटाने करा. पांघरूण पायांवर घट्ट खोचू नका, त्याने पाऊल खाली दाबले जाते. गोळा आलाच, तर पायाची बोटे नडगीकडे ओढून धरा, किंवा आधार घेऊन टाच टेकवून उभ्या राहा.

पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल, पोटरी बारीक होत असेल, किंवा चालताना दुखून थांबल्यावर बरे वाटत असेल, तर डॉक्टरांना लवकर दाखवा. कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्या व्यक्तीचे सर्वच स्नायू दुखू लागले आणि लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी दाखवावे. गोळा काही मिनिटांत सुटतो, नंतर एखादा दिवस ठणका राहतो. पण एकच पोटरी सुजली, गरम किंवा लाल झाली आणि वेदना तशीच राहिली, तर शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. अशा वेळी मालीश करू नका, त्याच दिवशी तपासून घ्या. सोबत धाप किंवा छातीत दुखणे असेल, तर थेट आपत्कालीन विभागात जा.