फ्रीक्वेन्सी मीटर: आधी लॅच, मग रीसेट

प्रश्न: डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी ४५१८ आणि ४५११ वापरून चार अंकी फ्रीक्वेन्सी मीटर बनवला आहे. गेट १ सेकंदाचा आहे. सकाळी आकडा बरोबर येतो, दुपारी मात्र मधूनच सरळ ०००० दिसतं. लॅच आणि रीसेटचे पल्स आरसी लावून काढले आहेत. काउंटर खराब असेल का? (धुळे)

उत्तर:

काउंटर बदलू नका, तो बहुधा शाबूत आहे. तुमच्या वर्णनावरून रीसेटचा पल्स लॅच बंद होण्याआधीच पोहोचतो आहे असे दिसते, आणि ‘दुपारी’ हा शब्द तुम्ही लिहिला नसता तर मी इतक्या खात्रीने हे म्हटले नसते.

४५११ च्या पाच नंबरच्या पिनेवर, म्हणजे एलईवर, लो असताना लॅच उघडे असते आणि काउंटरमध्ये जे असेल ते तसेच्या तसे डिस्प्लेवर उतरते. ती पिन हाय झाली की शेवटचा आकडा धरून ठेवला जातो. लॅच उघडे असतानाच ४५१८ ला रीसेट मिळाला, तर काउंटर शून्य होतो, ते शून्य लगेच डिस्प्लेवर उतरते आणि मग लॅच बंद होऊन तेच धरून ठेवते. मोजणी बरोबर झालेली असते, पण ती पुसली गेल्यानंतर आपण तिची नोंद घेतलेली असते.

माझा पहिला मीटर भुसावळला पत्र्याच्या खोलीत असाच वागत होता. गेट बंद होताना लॅच सुमारे १ मिलिसेकंद उघडत असे आणि रीसेट जेमतेम सव्वा मिलिसेकंदानंतर येत असे. ही सगळी वेळ मी रेझिस्टर आणि कपॅसिटरवर सोडली होती. लॅचच्या बाजूला पॉलिस्टर कपॅसिटर होता आणि रीसेटच्या बाजूला स्वस्तातली सिरॅमिक चकती. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना पेटीच्या आत त्याहून जास्तच होत असणार. अशा सिरॅमिकच्या काही जातींची धारकता तापल्यावर बरीच घटते, त्यामुळे रीसेटची वाट पाहण्याची वेळ आखडली आणि तो लॅचच्या पल्समध्ये घुसला. सकाळी मीटर चालू असताना सोल्डरिंग गनचे टोक त्या चकतीजवळ, न टेकवता, काही सेकंद धरले, तेव्हा १२३४ चे ०००० झाले आणि चकती निवल्यावर पुन्हा १२३४ आले. ही परीक्षा तुम्हीही करून पाहा. पाच मिनिटांत निकाल लागतो.

क्रिस्टलवर मात्र संशय घेऊ नका. घड्याळातला ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेला तर दहा लाखांत सुमारे १४ इतकाच मंदावतो, आणि चार अंकी मीटरमध्ये शेवटचा एक आकडासुद्धा दहा हजारांत १ असतो. उष्णता गेटला बिघडवत नाही, गेटनंतरच्या क्रमाला बिघडवते.

क्रम असा हवा: गेट बंद व्हावा, काउंटर स्थिरावेपर्यंत थांबावे, लॅच उघडून बंद व्हावे, पुन्हा थोडे थांबावे, मग रीसेट येऊन जावा आणि त्यानंतरच गेट पुन्हा उघडावा. पहिल्या थांब्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ४५१८ चे टप्पे एकामागोमाग जोडले की हातचा एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात जायला वेळ लागतो. ५ व्होल्टवर प्रत्येक टप्प्याला पाव ते अर्धा मायक्रोसेकंद धरा. काउंटर १९९९ वर असताना शेवटचा पल्स आला, तर तो थेट २००० होत नाही, आधी १९९०, मग १९००, मग १००० आणि शेवटी २००० होतो. त्या एकदोन मायक्रोसेकंदांत लॅच बंद झाले तर डिस्प्लेवर १९०० धरला जाईल, आणि हे इतके क्वचित घडेल की तुम्ही सैल वायर शोधत बसाल.

आरसीऐवजी हा क्रम घड्याळाच्या ठोक्यांवर चालवा. तुमच्याकडे गेटसाठी ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालणारा ४०६० असेल असे धरतो. त्याच्या क्यू१४ वर (पिन ३) २ हर्ट्झ मिळतात; ते ४०१३ च्या दोन्ही फ्लिपफ्लॉपमधून नेले की १ सेकंद हाय आणि १ सेकंद लो असा गेट तयार होतो. आता एक ४०१७ घ्या; घड्याळाच्या दर ठोक्याला तो आपला पुढचा एकच आउटपुट हाय करतो. त्याच्या रीसेट पिनेला (१५) हाच गेट जोडा, म्हणजे मोजणी चालू असेपर्यंत तो शून्यावर दाबून ठेवलेला राहील. त्याच्या क्लॉकला (१४) ४०६० चा क्यू४ (पिन ७) द्या. तिथे २०४८ हर्ट्झ असतात, म्हणजे एक पायरी ०.४९ मिलिसेकंदाची. गेट लो झाला की ४०१७ मोकळा होऊन चालू लागतो. त्याचा क्यू२ (पिन ४) उलटवून चारही ४५११ च्या एलईला द्या, क्यू४ (पिन १०) थेट ४५१८ च्या रीसेट पिनांना म्हणजे ७ आणि १५ ला द्या, आणि क्यू६ (पिन ५) ४०१७ च्याच इनहिबिट पिनेला (१३) जोडा, म्हणजे तो पुढच्या गेटपर्यंत तिथेच थांबेल.

यात गेट बंद झाल्यापासून सुमारे ०.७ मिलिसेकंदाने लॅच उघडते, १.२ ला बंद होते, १.७ ला रीसेट सुरू होतो, २.२ ला सुटतो आणि २.७ ला सगळे थांबते. पुढचा गेट उघडायला अजून जवळजवळ पूर्ण सेकंद शिल्लक असतो. लॅच आणि रीसेट यांच्यामध्ये क्यू३ ची एक पायरी मोकळी आहे, ती वाया गेली असे समजू नका. एकाच चिपच्या एकाच घड्याळावरून निघालेली ही फट उन्हाळ्यात आखडत नाही.

जोडणीनंतर चुका डिस्प्लेच सांगतो. १२३४ हर्ट्झ दिल्यावर आकडा १२३४, २४६८, ३७०२ असा चढत गेला, तर रीसेट पोहोचत नाही. आकडे सेकंदभर भराभर पळत वर जाताना दिसले, तर एलईचा पल्स उलटवायचा राहिला आहे. कायम ०००० असेल तर ४०१७ च्या क्यू२ आणि क्यू४ च्या वायरी अदलाबदल झाल्या आहेत का ते पाहा. शेवटचा अंक १२३३, १२३४ असा एकाने हलत राहिला तर मात्र काहीच दुरुस्त करू नका: गेट आणि येणारी लहर यांचा मेळ नसल्यामुळे काठावरचा एक पल्स कधी आत सापडतो, कधी बाहेर राहतो. म्हणूनच विजेच्या लाइनचे ५० हर्ट्झ या मीटरने मोजाल तर ५० ऐवजी कधी ४९ किंवा ५१ सुद्धा दिसेल, आणि दशांश हवा असेल तर गेट १० सेकंदांचा करावा लागेल.

सगळे जमल्यावर ४०६० च्या क्यू४ वरचीच लहर मीटरच्या इनपुटला द्या. ती गेटच्याच घड्याळातून आलेली असल्यामुळे इथे शेवटचा अंकही हलता कामा नये. दर दोन सेकंदांनी २०४८ च यायला हवे, भर दुपारीसुद्धा. तेवढे झाले की क्रम बरोबर आहे असे समजा. मीटर अचूक आहे हे मात्र यावरून ठरत नाही, कारण क्रिस्टलच चुकीचा असला तरी २०४८ च दिसेल; त्यासाठी बाहेरचा खात्रीचा सिग्नल लागेल.